फोटोतलं गणित: २०० नगांत ११ टक्क्यांपेक्षा जास्त सदोष निघण्याची शक्यता किती?

नाशिकचा_मामा
मंडळी, भाची बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काल रात्री साडेअकराला तिने सराव परीक्षेच्या पेपरचा फोटो पाठवला आणि खाली एकच ओळ, "मामा, हे चूक का दिलंय?" मी कॉमर्सचा, तेही तीस वर्षांपूर्वीचा. भाचीसमोर अज्ञान उघडं पाडायचं नाही म्हणून "उद्या सांगतो" असं म्हणून इथे आलोय.

फोटोवर ट्यूबलाइटची तिरीप पडलीय आणि पेपरची घडी नेमकी आकड्यावर आहे. वाचता येतंय तेवढं असं:

"एका कारखान्यात तयार होणाऱ्या नगांपैकी ८% (की ६%?) नग सदोष असतात. २०० नगांचा यादृच्छिक नमुना घेतला, तर त्यातील सदोष नगांचे प्रमाण ११% पेक्षा जास्त असण्याची संभाव्यता किती?"

पर्याय: (अ) ०.९४०६ (ब) ०.४४०६ (क) ०.०५९४ (ड) ०.११८८

भाचीने (ब) ला गोल केलाय, सरांनी लाल फुली मारलीय. माझे प्रश्न दोन. एक, उत्तर काय? दोन, आणि हा माझा स्वतःचा: कारखान्यात ८ टक्के सदोष आहेत हे जर आधीच माहीत आहे, तर नमुन्यात ११ टक्के निघतीलच कसे? एक तर ते ८ चूक आहे, नाही तर नमुना.

पोहेखाऊ
पहिल्या प्रश्नाचं उत्तर तज्ज्ञ देतील. दुसऱ्याचं मी देतो. पातेल्यात शेंगदाणे ठरलेले असतात. माझ्या ताटलीत मात्र कधीच तेवढे येत नाहीत.

रिकामटेकडी
फोटोत मला स्पष्ट ६ दिसतोय. ८ चा वरचा गोल बंद असतो, हा उघडा आहे.

निवृत्त_मास्तर
पोहेखाऊंनी चेष्टेत बरोबर सांगितलंय, त्याकडे नंतर येतो. आधी ८ की ६ ते मिटवू. त्यासाठी भिंग नको, पर्यायच सांगतील.

आठ धरू. नमुन्यातलं प्रमाण सरासरीने ०.०८ च्याच आसपास राहणार. ते किती इकडेतिकडे हलेल, हे पाहायला ०.०८ × ०.९२ ला २०० ने भागायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. येतं ०.०१९२, म्हणजे जवळजवळ दोन टक्के. ११ हे ८ पासून तीन टक्के दूर आहे. तीनाला १.९२ ने भागलं की १.५६, यालाच झेड म्हणतात. झेडच्या टेबलात १.५६ समोर ०.९४०६ आहे. ते वक्ररेषेखालचं डावीकडचं क्षेत्रफळ. आपल्याला "पेक्षा जास्त" हवंय म्हणून एकातून वजा करा: ०.०५९४. पर्याय (क).

आता सहा धरून पाहा. अंतर पाच टक्क्यांचं होतं, वर्गमूळ ०.०१६८ येतं, झेड होतो २.९८ आणि उत्तर ०.००१४. असा पर्यायच नाही. शिवाय बाकीचे तीनही पर्याय १.५६ च्याच पोटातून निघालेत. ०.९४०६ हे वजा करायला विसरणाऱ्यासाठी, ०.११८८ हे दोन्ही शेपट्या धरणाऱ्यासाठी, आणि ०.४४०६ हे ज्याचं टेबल मध्यापासून सुरू होतं आणि जो ०.५ मधून वजा करायला विसरतो त्याच्यासाठी. तेव्हा ते ८ च आहे. भाचीची चूकही कळली: टेबल अर्धं वाचलं.

रिकामटेकडी
बरं, ८ तर ८. पण गोल उघडाच आहे.

अर्धाकप
मास्तर, एक शंका. नमुन्यात ११ टक्के आलेत ना? मग वर्गमूळात ०.११ × ०.८९ नको का? आम्ही सर्वेक्षणाच्या कामात नेहमी नमुन्यातलंच प्रमाण घालतो. तसं केलं तर ०.०२२१ येतं, झेड १.३६ आणि उत्तर ०.०८७ च्या आसपास. फरक किरकोळ नाही.

निवृत्त_मास्तर
तुम्ही सर्वेक्षणात करता ते बरोबरच आहे, पण इथे प्रश्न उलट्या बाजूचा आहे. तुम्हाला खरं प्रमाण माहीत नसतं, हातात फक्त नमुना असतो, म्हणून नाइलाजाने त्याच्यावरच पसारा मोजता. इथे ८ टक्के दिलेलं आहे. आणि ११ टक्के कुठे "आलेत"? नमुना अजून घेतलेलाच नाही. ११ ही नुसती जमिनीवर मारलेली रेघ आहे. ८ टक्क्यांच्या जगात राहून विचारायचं की रेघेपलीकडे उडी किती वेळा जाते. उडीची ताकद ८ टक्क्यांच्या जगातलीच धरायची, रेघ कुठे मारलीय त्यावरून ती बदलत नाही.

अर्धाकप
हं. म्हणजे तीच रेघ १५ वर मारली तरी खालचा ०.०१९२ तोच राहणार. पटलं. पण आमच्या कामात मी बरोबर आहे एवढं लिहून ठेवा. :)

नाशिकचा_मामा
मास्तर, खूप आभार. भाचीला विचारलं की अर्धं टेबल वाचलंस का? ती म्हणाली, "नाही मामा, माझं उत्तर ०.४५६ आलं होतं. ते पर्यायात नव्हतं, मग जवळचं ०.४४०६ घेतलं." वहीचाही फोटो आलाय. तिने ०.०८ × ०.९२ चं वर्गमूळ ०.२७१ काढलंय, ०.०३ ला त्याने भागून ०.११, आणि मग टेबल बघून ०.४५६.

निवृत्त_मास्तर
वा, म्हणजे माझं निदान चुकलं. रोगी समोर नसताना नाडी पाहिली की असं होतं.

तिचं टेबल वाचणं अगदी बरोबर आहे. २०० ने भागायचं राहिलं, एवढंच. पण ही चूक नुसती विसराळूपणाची नाही, मामा, तुमचा दुसरा प्रश्नही नेमका इथेच आहे. ०.२७१ हा एका नगाचा पसारा. एक नग उचलला तर तो सदोष असेल किंवा नसेल, म्हणजे प्रमाण शून्य तरी येईल नाही तर शंभर टक्के. प्रचंड उडी. दोनशे नग उचलले की काही इकडचे, काही तिकडचे, एकमेकांना खातात, आणि दोनशेच्या ढिगाचं प्रमाण ८ च्या जवळपास घुटमळतं. दोनशे पटीने नग वाढले म्हणून उडी दोनशे पटीने कमी होत नाही, दोनशेच्या वर्गमूळाने म्हणजे साधारण चौदा पटीने कमी होते. ०.२७१ भागिले १४.१४ करा, तेच ०.०१९२ येईल.

भाचीने काढलेलं ०.४५६ म्हणजे जवळजवळ नाणेफेक. तिला विचारा, रोज दोनशे नग तपासणाऱ्याला जवळजवळ दिवसाआड ११ च्या वर सापडत असेल, तर तो कारखाना ८ टक्क्यांचा म्हणेल कोण?

फौंड्रीबापू
बोलू का? मी शिरोली एमआयडीसीत कास्टिंगच्या क्वालिटीत सतरा वर्षं काढली. ब्लो होल, वाळू चिकटलेली, कोअर सरकलेला, असा सगळा माल रिजेक्शनला जातो. आठ टक्के हा आकडा आमच्याकडे अजिबात पुस्तकी नाही, काही पार्टला तेवढा असतोच.

मामांचा प्रश्न एका साहेबांनीपण विचारला होता. नवीन आलेले. शिफ्टला दोनशे पीस बघायचो. एका शिफ्टला २३ निघाले की साहेब लगेच, "साडेअकरा टक्के! वाळू बदला, मेटलचं तापमान वाढवा." वाळू बदलली. पुढच्या शिफ्टला १५ निघाले. साहेब खूश, "बघा, वाळूच होती." मग चार दिवसांनी परत २४. परत धावपळ. वाळू, तापमान, ऑपरेटर, सगळ्यांना हलवून झालं. आणि सरासरी होती तिथेच, आठ.

आता मास्तरांचं ०.०५९ घ्या. सरासरी सतरा शिफ्टमागे एकदा ११ च्या वर जातंच, काही बिघडलेलं नसताना. तीन शिफ्ट चालणाऱ्या शॉपमध्ये सतरा शिफ्ट म्हणजे जेमतेम आठवडा. म्हणजे साहेब दर आठवड्याला एकदा, काही झालेलं नसताना, भट्टी हलवत होते.

आम्ही रेघ मारतो ती तीन सिग्मावर. ०.०८ अधिक तीन वेळा ०.०१९२, म्हणजे १३.७५ टक्के. दोनशेत साडेसत्तावीस. सत्तावीस निघाले तर नोंद करायची आणि गप बसायचं. अठ्ठावीस निघाले की मग कारण शोधायला उठायचं. वॉल्टर श्यूहार्टने १९२४ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत पहिला नियंत्रण-तक्ता काढला, त्यात हीच कल्पना आहे.

पोहेखाऊ
बापू, त्या साहेबांचं पुढे काय झालं?

फौंड्रीबापू
प्रमोशन. पुढच्या शिफ्टला आकडा खाली येतोच ना, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक उपायाला गुण आला.

कोडवाली
धागा वाचून राहवलं नाही म्हणून चालवून पाहिलं. ८ टक्क्यांच्या जगात दोनशेचे एक लाख नमुने:

```python
import numpy as np
x = np.random.binomial(200, 0.08, 100000)
print((x > 22).mean(), (x >= 22).mean())
```

पहिला आकडा दर वेळी ०.०५१ च्या आसपास येतोय, दुसरा ०.०८० च्या. मास्तरांचं ०.०५९४ यातलं कुठलंच नाही! एक लाख नमुन्यांत एवढा फरक योगायोगाने पडणार नाही. मग पेपरातला पर्याय चूक म्हणायचा?

फौंड्रीबापू
एक्सेलमध्ये मी पण तपासलं, ०.०५१ च येतंय.

```
=1-BINOM.DIST(22,200,0.08,TRUE)
```

अर्धाकप
अहो, अर्ध्याची दुरुस्ती करायची असते! दोनशे नगांत सदोष २२ असतील किंवा २३, साडेबावीस नसतात. घंटेच्या आकाराची वक्ररेषा मात्र सलग असते. म्हणून २२ च्या पुढे म्हणजे २२.५ पासून मोजायचं. प्रमाणात ते ०.११२५. वजा ०.०८, भागिले ०.०१९२, झेड १.६९, उत्तर ०.०४५. हे खरं उत्तर.

कोडवाली
@अर्धाकप, पण ते ०.०४५ आहे आणि माझं ०.०५१. तुमची दुरुस्ती रेघेच्या दुसऱ्या बाजूला जाऊन पडली.

अर्धाकप
आं? दुरुस्तीने तंतोतंत यायला हवं होतं.

निवृत्त_मास्तर
तंतोतंत येत नाही, आणि का येत नाही हे बघण्यासारखं आहे. घंटा दोन्ही बाजूंना सारखी असते. पण ८ टक्क्यांच्या जगात दोनशे नगांमागे सरासरी १६ सदोष असतात. डावीकडे शून्याची भिंत सोळा पावलांवर आहे, उजवीकडे मोकळं रान. त्यामुळे खरं वितरण थोडं उजवीकडे कललेलं असतं आणि त्याची उजवी शेपटी घंटेच्या शेपटीपेक्षा जराशी जाड असते. दुरुस्तीने पायऱ्यांचा हिशोब मिटला, कल राहिला. म्हणून ०.०४५ हे खऱ्या ०.०५१ पेक्षा कमी पडलं. दुरुस्ती न करता ०.०५९ आलं, ते जास्त. खरं उत्तर दोघांच्या मध्ये आहे.

पेपरात (क) लाच मार्क मिळणार, कारण अशा पुस्तकांत प्रमाणाच्या प्रश्नाला बहुधा दुरुस्ती करत नाहीत आणि पर्यायांत दुसरं जवळचं काही नाही. पण "पेक्षा जास्त" आणि "किमान" यांतला फरक भाचीला दाखवा. ११ टक्के म्हणजे बरोबर २२ नग. "पेक्षा जास्त" म्हणजे २३ पासून, ०.०५१. "किमान ११ टक्के" म्हटलं असतं तर २२ ही आत, आणि ०.०८०. घंटेच्या हिशोबात दोन्हींचं उत्तर एकच येतं, ०.०५९४. एका नगाची किंमत घंटेला दिसत नाही.

अर्धाकप
आम्हाला शिकवणाऱ्यांनी दुरुस्ती केली नाही तर शून्य मार्क असं सांगितलं होतं.

रिकामटेकडी
आमच्या सरांनी दुरुस्ती केली तर मार्क कापले होते. "जे शिकवलं नाही ते लिहायचं नाही."

पोहेखाऊ
प्रमाण दोन सरांपैकी एक, म्हणजे ५० टक्के. नमुना फारच लहान, निष्कर्ष काढू नये.

देवगडची_सुमन
नमस्कार. मी गणितातली नाही, आंबेवाली आहे. तुम्ही नमुना म्हणताय तो किती काढावा असा प्रश्न आहे ना? मला तेच हवं होतं. आमच्याकडे हापूसमध्ये साका निघतो. वरून फळ सोन्यासारखं, कापलं की आत पांढरट, स्पंजासारखं, आंबट. बाहेरून कळत नाही, कापल्याशिवाय इलाज नाही, आणि कापलं की फळ गेलं. तर किती कापायचे?

निवृत्त_मास्तर
सुमनताई, धाग्यातला प्रश्न जरा वेगळा आहे, नमुना किती घ्यावा हा नाही. पण तुमची गोष्ट याच्या फार जवळची वाटतेय. काही घडलंय का? आकडे असतील तर सांगा.

देवगडची_सुमन
गेल्या मोसमात घडलं. एका व्यापाऱ्याशी बोली झाली होती की साका ८ टक्क्यांपर्यंत असला तर ठरलेला भाव, त्यावर गेला तर भाव पाडणार. त्याच्या माणसाने पाच पेट्या उघडल्या, प्रत्येकीतून दहा फळं कापली. पन्नासात सात साक्याची. "चौदा टक्के," म्हणाला, आणि सगळ्या मालाचा भाव पाडला. मी म्हटलं, अहो, पन्नासच कापलेत. तो म्हणाला, हिशोब हिशोब असतो. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आज सुचेल म्हणून विचारतेय, तो बरोबर होता का?

कोडवाली
मोजलं. बागेत खरोखर ८ टक्केच साका असेल, तरी पन्नास फळांत सात किंवा जास्त निघण्याची शक्यता ०.१०. म्हणजे सरासरी दहा वेळा माल दिला तर एकदा असं होतं. दुरुस्तीशिवाय घंटेने काढलं तर १४ वजा ८ म्हणजे सहा टक्के, खालचा पसारा ०.०३८, झेड परत १.५६ आणि उत्तर परत ०.०५९! पेपरातलंच उत्तर. पण खरं ०.१०. लहान नमुन्यात घंटा किती फसवते ते इथे दिसतं. दोनशेला "किमान"साठी ०.०५९ च्या जागी ०.०८० होतं, पन्नासला ०.१०.

फौंड्रीबापू
ताई, सात कुठल्या पेटीतून निघाले ते आठवतं का?

देवगडची_सुमन
आठवतं तर! पाच एकाच पेटीतून, दोन दुसऱ्या पेटीतून. बाकीच्या तीन पेट्या स्वच्छ. ती पाचवाली पेटी दुपारच्या तोडणीची होती. गडी जेवायला गेले आणि फळं तापलेल्या कातळावर तशीच राहिली. खालून धग लागली की साका वाढतो. आम्ही म्हणूनच सकाळीच तोडणी करतो, आणि खाली गवत टाकतो. त्या दिवशी राहिलं.

फौंड्रीबापू
वाटलंच. ब्लो होलचं असंच असतं. एका लाडलचं, म्हणजे ओतायच्या भांड्यातलं, मेटल थंड झालं की त्या लाडलमधले सगळे पीस गेले. रिजेक्शन कधी एकेकटं येत नाही, घोळक्याने येतं. म्हणून आम्ही दोनशे पीस एका ट्रॉलीतून उचलत नाही, सगळ्या शिफ्टभर विखरून उचलतो.

निवृत्त_मास्तर
बापूंनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं. वर आपण २०० ने भागलं, इथे कोडवालीने ५० ने. या भागाकारामागे एक अट गुपचूप बसलेली आहे: एक फळ साक्याचं निघालं म्हणून शेजारच्या फळाबद्दल काही कळू नये. सुमनताईंच्या पेटीत ते कळतं. पहिली दोन फळं साक्याची निघाली की माणूस तिसऱ्याबद्दल मनात ठरवूनच टाकतो. म्हणजे त्या पेटीतली दहा फळं ही दहा स्वतंत्र साक्षीदार नाहीत, एकच गोष्ट दहा तोंडांनी सांगणारे आहेत.

याचा परिणाम किती, ते पेटीतली फळं एकमेकांसारखी किती आहेत यावर ठरतं. समजा हा सारखेपणा ०.२ आहे. हा आकडा माझ्या मनाचा, फक्त अंदाज यावा म्हणून. पेटीमागे दहा फळं, म्हणून नऊ वेळा ०.२ आणि वर एक, म्हणजे २.८. पसाऱ्याचा वर्ग २.८ पटीने फुगतो, आणि ०.०३८ चा होतो ०.०६४. मग अर्ध्याची दुरुस्ती धरून सात किंवा जास्त निघण्याची शक्यता येते ०.२२ च्या आसपास. दहातून एकदा नव्हे, पाचातून एकदा. ८ टक्क्यांच्या अगदी प्रामाणिक बागेलाही.

अर्धाकप
थांबा मास्तर. इथे मी उलट बोलतो. व्यापाऱ्याला "बाग ८ टक्क्यांची आहे" असं समजायचं कारणच काय? त्याला खरं प्रमाण माहीत नाही. त्याच्या हातात नमुना आहे, तो १४ सांगतो. इथे माझी सर्वेक्षणाची पद्धत लागू आहे, तुमची नाही. आणि तो ८ टक्क्यांपेक्षा बराच जास्त असण्याचीही तितकीच शक्यता धरेल.

निवृत्त_मास्तर
हे मान्य. त्याचा प्रश्न तुमच्या बाजूचा आहे. पण त्या बाजूनेही पन्नास फळांचा, तेही पाच पेट्यांतल्या, पसारा इतका मोठा आहे की खरं प्रमाण ८ असू शकतं आणि २० ही. मग संशयाचा फायदा कोणाला द्यायचा हे गणित सांगत नाही, बोली सांगते. बोलीत "किती फळं, किती पेट्यांतून" हे लिहिलेलंच नव्हतं.

फौंड्रीबापू
आमच्याकडे ते लिहिलेलं असतं. लॉट एवढा तर नमुना एवढा, एवढे सदोष निघाले तर घ्या, एवढे निघाले तर परत. भारतीय मानक आयएस २५०० मध्ये तक्तेच आहेत. पुरवठादार आणि गिऱ्हाईक दोघं माल यायच्या आधी सही करतात. आंब्यातही करता येईल. फक्त फळं पन्नास पेट्यांतून एकेक काढायची, पाच पेट्यांतून दहा-दहा नाही.

देवगडची_सुमन
पन्नास पेट्या कोण उघडू देणार? पेटी उघडली की ती पेटी विकायला गेलीच नाही. पाच पेट्या उघडतो म्हणून तर सोसतं. पण दुपारची तोडणी वेगळी मोजायची असं मात्र मी म्हणू शकते. त्या पेट्यांवर खूण असते आमची.

निवृत्त_मास्तर
हे फार चांगलं. तसं केलंत तर "बागेत ८ टक्के" ऐवजी "सकाळच्या तोडणीत किती, दुपारच्या तोडणीत किती" असे दोन प्रश्न होतील. घोळका फोडून वेगळा ठेवला की प्रत्येक गटातला पसारा लहान होतो.

रिकामटेकडी
बापू, मघाशी ८ टक्के पुस्तकी नाही म्हणालात. पण गाड्यांच्या सुट्या भागांत तर हजारात पाच सदोष असले तरी बोंब होते म्हणे. तिथे हीच घंटा वापरतात का?

फौंड्रीबापू
नाही, तिथे घंटा मोडते. हजारात पाच म्हणजे अर्धा टक्का. दोनशे पीसमागे सरासरी एक सदोष. शून्याची भिंत एका पावलावर, घंटा बसायला जागाच नाही. आणि गंमत बघा, अर्धा टक्का सदोष असलेल्या मालातून दोनशे उचलले तर शंभरातल्या ३७ वेळा एकही सदोष सापडत नाही. शून्य सापडले म्हणून इन्स्पेक्टर शिक्का मारतो आणि गिऱ्हाईकाकडून फोन येतो. माझा ढोबळ नियम: सरासरी सदोष दहाच्या खाली असतील तर टेबल मिटायचं आणि एक्सेल उघडायचं.

कोडवाली
म्हणजे भाचीच्या प्रश्नात १६, चालून गेलं. सुमनताईंच्या प्रश्नात सरासरी ४, म्हणूनच ०.०५९ आणि ०.१० एवढे लांब पडले.

नाशिकचा_मामा
बापरे, मी दुपारी जेवून झोपलो आणि इथे आंबा, भट्टी, श्यूहार्ट सगळं येऊन गेलं. माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आता कळलं असं वाटतंय, चुकलो तर सांगा. ८ टक्के सगळ्या कारखान्याचे, ते हलत नाहीत. हलतं ते माझ्या ओंजळीतलं प्रमाण. ओंजळ मोठी तर हलणं कमी.

भाचीशी सविस्तर बोललो. तिला √२०० विसरल्याचं पटलं. पण ती हट्टी आहे. म्हणाली, "कोडवाली ताईंचं उत्तर ०.०५१ खरं आहे ना? मग सरांचं ०.०५९४ पण चूक. मला फुली मिळाली, त्यांना का नाही?" उद्या ती एक्सेलचं सूत्र घेऊन सरांकडे जाणार आहे.

निवृत्त_मास्तर
तिला सांगा, आधी "सर, माझं वर्गमूळ चुकलं होतं" इथून सुरुवात कर. सूत्र नंतर काढ.

पोहेखाऊ
आणि पर्याय (इ) म्हणून ०.०५१ लिहून नेऊ नकोस.

देवगडची_सुमन
मामा, सर काय म्हणाले ते कळवा. आणि मास्तर, तो ०.२ चा आकडा आमच्या बागेसाठी काढायचा तर काय करावं लागेल? पुढच्या मोसमात कापायची फळं मी देते.

निवृत्त_मास्तर
निदान वीस पेट्या, प्रत्येकीतून पाच फळं, आणि कुठल्या पेटीत किती साका निघाला ते पेटीवार लिहून ठेवायचं. एकूण बेरीज नको, पेटीवार यादी हवी. तोडणीची वेळ शेजारी. शंभर फळं जातील.

देवगडची_सुमन
शंभर? आठ डझनांवर चार झाले हो! बरं, साका नसलेली आम्ही खाऊ.

पोहेखाऊ
९२ फळं साक्याविना असतील असं धरू. कापायला मी येतो.

अर्धाकप
९२ "किमान" की "पेक्षा जास्त"?